चॅनल रुंद केला आणि लिंक तुटली: वायरलेस लिंकची क्षमता काढायची रीत

दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत घरापासून पॅकहाऊसपर्यंत तीन किलोमीटरची, ५.८ गिगाहर्ट्झवर चालणारी वायरलेस लिंक आहे. पॅकहाऊसवर आठ कॅमेरे, आणि घरी बसून पाहिलं की चित्र सारखं अडकायचं. मी गेलो तेव्हा बागवाल्यांनी मोबाईलवर लिंकचं पान उघडून दाखवलं. "दादा, सिग्नल नव्वद आहे बघा. शंभरला दहाच कमी. मग अडकतंय कशापायी?"

तो आकडा नव्वद नव्हता, उणे नव्वद होता, आणि उण्यात शून्यापासून जितकं लांब तितका सिग्नल कमजोर. ती वजाबाकीची बारीक रेघ मोबाईलवर पटकन दिसत नाही. शिवाय कुणाच्या तरी सल्ल्यानं चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झवरून ८० केलेली होती, आणि तेव्हापासून लिंक अडकत होती तिथं आता तुटायलाच लागली होती. "रस्ता चौपट रुंद केला की गाड्या चौपट जाणार ना?" हा त्यांचा प्रश्न मला नाशिकात महिन्यातून दोनदा तरी ऐकू येतो.

उत्तर गणितज्ञ क्लॉड शॅनन यांच्या क्षमतेच्या सूत्रात आहे. सूत्र एका ओळीचं आहे, पण लोक त्यात आकडे चुकीच्या क्रमानं भरतात, किंवा आलेल्या उत्तराचा भलताच अर्थ काढतात. म्हणून ही रीत त्याच बागेचे आकडे घेऊन लिहितो.

```
C = B * log2(1 + S/N)
```

`C` म्हणजे सेकंदाला किती बिट, `B` म्हणजे चॅनलची रुंदी हर्ट्झमध्ये, `S/N` म्हणजे सिग्नलची शक्ती भागिले नॉइजची शक्ती. या `C` च्या खाली राहिलात तर चुका हव्या तितक्या कमी करता येतात. वर गेलात तर कुठलीही युक्ती चुका एका ठरावीक प्रमाणाखाली आणू शकत नाही.

## आधीची तयारी

कागदावर चार गोष्टी लिहून घ्या. पाठवणाऱ्याची शक्ती आणि दोन्ही अँटेनांचा गेन, दोन टोकांमधलं अंतर, रिसिव्हरवर प्रत्यक्ष दिसणारा सिग्नल, आणि तुम्हाला खरोखर किती वेग हवा आहे तो. चौथी गोष्ट बहुतेक जण लिहीत नाहीत आणि मग "जास्तीत जास्त" च्या मागे लागतात. बागेत आठ कॅमेरे, प्रत्येकी ४ मेगाबिट, म्हणजे गरज ३२ मेगाबिटची. बस.

सिग्नलचा आकडा एकदाच पाहून लिहू नका. सकाळी, दुपारी आणि वारा सुटलेला असताना, असा तीनदा बघा आणि सर्वांत वाईट आकडा धरा.

## टप्पा १: सिग्नल किती यायला हवा होता?

मोकळ्या हवेत होणारी घट अशी निघते. अंतर किलोमीटरमध्ये, फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्झमध्ये:

```
L = 32.44 + 20*log10(f) + 20*log10(d)
```

५८०० मेगाहर्ट्झ आणि ३ किलोमीटरला ही घट सुमारे ११७ डीबी येते. डीबी ही पट सांगायची मोजपट्टी आहे, दर दहा डीबीला शक्ती दहापट; डीबीएम म्हणजे तीच पट एका मिलिवॉटच्या तुलनेत. पाठवणारा २० डीबीएमचा, दोन्हीकडची अँटेना १६ डीबीआयची. २० अधिक १६, वजा ११७, अधिक १६: म्हणजे रिसिव्हरवर उणे ६५ डीबीएम यायला हवेत.

आले होते उणे ९०. पंचवीस डीबी वाटेत गायब. डीबीची भाषा बाजूला ठेवली तर यायला हवी होती त्याच्या सुमारे तीनशेव्या हिश्शाइतकीच शक्ती पोचत होती.

तपासा: हिशोबाचा आणि प्रत्यक्षाचा सिग्नल यात चार-पाच डीबीचा फरक असेल तर पुढे जा. दहापेक्षा जास्त असेल तर थांबा. एकतर अँटेना नीट रोखलेली नाही, किंवा मध्ये काहीतरी आहे. क्षमतेचा हिशोब पुढे करता येईल, पण तो एका आजारी लिंकचा हिशोब असेल, हे विसरू नका.

बागेत मध्ये काय होतं ते शेवटी सांगतो, कारण आम्हीही ते उशिराच पाहिलं.

## टप्पा २: नॉइज काढा, आणि तो रुंदीसकट काढा

सगळ्यांत जास्त चुका इथं होतात. नॉइज हा त्या जागेचा एक ठरलेला आकडा आहे असं लोक धरून चालतात. तसं नसतं. रिसिव्हर जितकी रुंद खिडकी उघडतो, तितका नॉइज आत येतो. खोलीच्या तापमानाला दर हर्ट्झमागे उणे १७४ डीबीएम एवढा उष्णतेचा नॉइज असतो, आणि रुंदीप्रमाणे तो वाढत जातो. त्यात रिसिव्हर स्वतःची भर घालतो. त्याला नॉइज फिगर म्हणतात. इथं मी ती ६ डीबी धरली आहे. तुमच्या उपकरणाच्या माहितीपत्रकात आकडा दिला असेल तर तो घ्या.

```
N = -174 + 10*log10(B) + NF
```

२० मेगाहर्ट्झला हा उणे ९५ डीबीएम येतो. ४० ला उणे ९२, ८० ला उणे ८९. रुंदी दुप्पट झाली की नॉइज ३ डीबीनं वर. सिग्नल मात्र वाढत नाही, कारण पाठवणाऱ्याकडे शक्ती तेवढीच आहे. तीच शक्ती आता जास्त रुंदीवर पातळ पसरली. पाव किलो तूप चार भाकऱ्यांऐवजी सोळा भाकऱ्यांना लावण्यातला प्रकार.

इथंच बागवाल्यांच्या रस्त्याच्या उपमेत खोट आहे. रस्ता रुंद केल्यानं गाड्यांचं इंजिन कमजोर होत नाही. इथं होतं.

इशारा: "उन्हाळ्यात तापमानामुळे नॉइज वाढतो म्हणून लिंक मंदावते" हे मी अनेकदा ऐकलं आहे. नाशिकच्या चाळीस अंशांनी उष्णतेचा नॉइज जेमतेम पाव-अर्धा डीबी वाढतो. पावसाचंही तसंच. ५.८ गिगाहर्ट्झवर तीन किलोमीटरला जोराचा पाऊससुद्धा एक डीबीहून कमी खातो. ओली पानं मात्र भरपूर खातात. तेव्हा पावसाळ्यात लिंक पडली तर ढगांकडे नको, झाडांकडे बघा.

उपकरण स्वतः नॉइज फ्लोअर दाखवत असेल तर तोही लिहून घ्या. हिशोबातल्या उणे ९५ ऐवजी उणे ८५ दिसत असतील, तर शेजाऱ्यांचे सिग्नल आत शिरताहेत. नाशिकच्या कॉलेज रोडसारख्या दाट वस्तीत हे सर्रास दिसतं. मग सूत्रात मोजलेला आकडा घाला. ते सिग्नल थांबून थांबून येत असतात, त्यामुळे सरासरी चांगली दिसते आणि लिंक तरीही अधूनमधून गचके खाते. तिथं सरासरीवर विसंबू नका.

## टप्पा ३: डीबी सूत्रात घालू नका

सिग्नल वजा नॉइज केलं की सिग्नल-नॉइज गुणोत्तर डीबीमध्ये मिळतं. २० मेगाहर्ट्झला उणे ९० वजा उणे ९५, म्हणजे ५ डीबी. आता हे ५ सूत्रात `S/N` च्या जागी घातलं की हिशोब बिघडला. सूत्राला साधं गुणोत्तर लागतं. डीबीला दहानं भागा आणि दहाचा तेवढा घात घ्या. ५ डीबी म्हणजे ३.१६ पट.

दुसरी चूक लॉगची. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवरचं `log` दहाच्या पायाचं असतं आणि `ln` नैसर्गिक. सूत्राला दोनच्या पायाचं हवं. `log` वापरलंत तर उत्तराला ०.३०१ नं भागा, `ln` वापरलंत तर ०.६९३ नं.

तपासा: गुणोत्तर ० डीबी, म्हणजे सिग्नल आणि नॉइज बरोबरीचे असतील, तर क्षमता बरोबर रुंदीइतकी यायला हवी. २० मेगाहर्ट्झला २० मेगाबिट. तसं येत नसेल तर तुमचा लॉग चुकला आहे. डीबी उणे असेल तर क्षमता शून्य होते असाही एक समज आहे. तोही चूक. सिग्नल नॉइजच्या खाली बुडालेला असला तरी क्षमता उरते, फक्त कमी उरते.

## टप्पा ४: सगळ्या रुंदींचा हिशोब एकदम करा

एकच रुंदी घेऊन उत्तर काढलं तर काहीच कळत नाही. शेजारी शेजारी ठेवा.

```python
import math
S, NF = -90, 6
for B in (10e6, 20e6, 40e6, 80e6):
    N = -174 + 10*math.log10(B) + NF
    snr = 10**((S - N)/10)
    C = B*math.log2(1 + snr)/1e6
    print(B/1e6, round(N), round(S - N), round(C))
```

उत्तरं अशी येतात. पहिला रकाना रुंदी, दुसरा नॉइज, तिसरा डीबीतलं गुणोत्तर, चौथा मेगाबिटमध्ये क्षमता:

```
10.0 -98 8 29
20.0 -95 5 41
40.0 -92 2 55
80.0 -89 -1 67
```

जरा थांबून बघा. रुंदी आठपट झाली, क्षमता सव्वादोनपट. आणि पुढेही फार काही मिळणार नाही. रुंदी कितीही, अगदी अनंत केली, तरी या सिग्नलला सुमारे ९१ मेगाबिटची भिंत आहे. रुंदी अनंताकडे नेली की सूत्र एका साध्या गोष्टीवर येऊन थांबतं: सिग्नलची शक्ती, भागिले दर हर्ट्झमागचा नॉइज, गुणिले १.४४. त्यात रुंदी उरतच नाही. ती भिंत हलवायची तर सिग्नल वाढवणं किंवा दर हर्ट्झमागचा नॉइज कमी करणं, एवढंच हातात राहतं.

हाच प्रयोग `S = -65` ठेवून करा, म्हणजे वाट मोकळी असती तर काय झालं असतं ते कळेल. २० मेगाहर्ट्झला १९९ मेगाबिट, ८० ला ६३७. तिथं चौपट रुंदीला तिपटीहून जास्त मिळतं. सल्ला देणाऱ्या माणसाचा अनुभव बहुधा असल्या दणदणीत सिग्नलच्या लिंकचा असणार. सल्ला खोटा नव्हता, तो दुसऱ्या लिंकसाठीचा होता.

मी डोक्यात एवढंच ठेवतो: गुणोत्तर वीस डीबीच्या वर असेल तर रुंदी मागा, दहाच्या खाली असेल तर सिग्नल मागा.

आता एक अडचण उरते, आणि चलाख वाचकाला ती आत्तापर्यंत टोचली असेल. सूत्र म्हणतं की ८० मेगाहर्ट्झला क्षमता ६७, २० ला ४१. थोडी का होईना, वाढलीच की. मग ८० वर लिंक तुटायची का?

## टप्पा ५: हद्द आणि उपकरण यांतलं अंतर मोजा

कारण सूत्र उत्तम कोडिंगबद्दल, म्हणजे चुका सुधारता याव्यात अशा रीतीनं बिट गुंफण्याबद्दल, बोलतं. तुमच्या खांबावरच्या डब्याला वेगाच्या मोजक्याच पायऱ्या येतात. वाय-फायच्या ८०२.११एसी जातीच्या उपकरणात, एका प्रवाहाला २० मेगाहर्ट्झवर सर्वांत खालची पायरी ६.५ मेगाबिटची, दुसरी १३ ची, आणि सर्वांत वरची ७८ ची. सर्वांत खालच्या पायरीलाही गुणोत्तर अधिक दोन-तीन डीबी तरी लागतं. ८० मेगाहर्ट्झवर बागेत ते उणे १ होतं. सूत्राच्या दृष्टीनं तिथं ६७ मेगाबिट शक्य होते, पण या उपकरणाला पाय ठेवायला पायरीच नव्हती. म्हणून लिंक तुटली.

२० मेगाहर्ट्झवर, ५ डीबीला, उपकरण जेमतेम १३ ची पायरी धरतं. हद्द ४१, उपकरण १३. सूत्र उलटं चालवून पाहिलं तर २० मेगाहर्ट्झमध्ये १३ मेगाबिटला उणे अडीच डीबीच्या आसपास पुरायला हवेत. उपकरण ५ मागतं. म्हणजे ते आदर्शापासून सुमारे सात डीबी मागे आहे.

आणि १३ हा हवेतला वेग. दोन्ही टोकं आळीपाळीनं बोलतात, पोच देतात, मधे थांबतात. कामाचा वेग त्याच्या साधारण साठ टक्के धरा. म्हणजे आठच्या आसपास. गरज ३२ ची.

इशारा: "क्षमता ४१, गरज ३२, म्हणजे जमेल" हा निष्कर्ष काढू नका. सूत्राचा उपयोग "हे नक्की जमणार नाही" हे सांगायला आहे. "हे जमेल" हे उपकरणाच्या पायऱ्यांचा तक्ता सांगतो.

दोन पोलरायझेशनच्या अँटेना असतील तर ते दोन चॅनल समजा, प्रत्येकाला अर्धी शक्ती द्या आणि दोन्हींच्या क्षमता मिळवा. सरळ दुप्पट करू नका.

## टप्पा ६: हद्दीच्या वर ढकललं तर काय होतं ते ओळखा

समजा हट्टानं ४१ च्या चॅनलमधून ६० मेगाबिट पाठवायचे ठरवले, आणि एकही बिट मागे ठेवायचा नाही. जगातलं सर्वोत्तम कोडिंग वापरलं तरी निदान ५.७ टक्के बिट चुकीचे पोचतील. ही खालची हद्द आहे, त्याहून कमी होणारच नाही. १५०० बाइटच्या एका पॅकेटमध्ये बारा हजार बिट, म्हणजे सरासरी सातशेच्या आसपास चुकीचे. चित्राचं काय होईल ते समजून घ्या.

प्रत्यक्षात उपकरण चुकीचं पॅकेट पुन्हा पाठवतं, त्यामुळे चूक दिसत नाही, उशीर दिसतो. पिंगची वेळ आधी तीन-चार मिलिसेकंद असते, मग ती तीस, दोनशे, आणि मग गायब. पॅकेट हरवण्याआधी वेळ ताणली जाते, हे लक्षण लक्षात ठेवा.

यावर लोक सुचवतात तो उपाय म्हणजे प्रत्येक गोष्ट दोनदा-तीनदा पाठवायची. तीनदा पाठवून बहुमत घेतलं तर चुका कमी होतात खऱ्या, पण वेग तिसऱ्या हिश्शावर येतो. चुका आणखी कमी हव्यात तर आणखी वेळा पाठवा, वेग आणखी खाली. या वाटेनं चूक शून्याकडे नेली की वेगही शून्याकडे जातो. शॅननचं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे: वेग हद्दीच्या खाली एका ठिकाणी पक्का ठेवूनही चूक हवी तितकी घटवता येते. त्यासाठी एकेक बिट न गिरवता लांबलचक गठ्ठा एकत्र कोड करावा लागतो. ८०२.११एसीच्या एलडीपीसी कोडमध्ये हा गठ्ठा १९४४ बिटांपर्यंत जातो. हद्दीच्या जितकं जवळ जायचं, गठ्ठा तितका लांब, आणि तो पूर्ण येईपर्यंत रिसिव्हरला तितकं थांबावं लागतं. कॅमेऱ्याला हे चालतं. दुरून मोटर बंद करायच्या बटणाला किती चालेल, ते आधी ठरवा.

## टप्पा ७: आता दुरुस्ती, याच क्रमानं

पहिल्यांदा रुंदी परत २० वर आणली. लिंक तुटायची थांबली, चित्र मात्र अडकतच राहिलं, आणि हिशोबाप्रमाणे ते अडकायलाच हवं होतं. त्या संध्याकाळी पॅकहाऊसच्या पत्र्यावर चढून अँटेनाच्या मागे डोकं ठेवून घराकडे पाहिलं. घर दिसत होतं, म्हणून आम्ही निर्धास्त. बागवाल्यांचा मुलगा खालून म्हणाला, "काका, ती सुरूची ओळ बघा ना, तिचे शेंडे अगदी रेषेत आहेत." वारा अडवायला लावलेली सुरूची झाडं. लिंक बसवली तेव्हा लहान होती.

दिसणं पुरेसं नसतं. रेषेभोवती मोकळी जागा लागते. तीन किलोमीटरच्या मधोमध या फ्रिक्वेन्सीला त्या जागेची त्रिज्या सहा मीटरच्या वर असते, आणि तिचा साठ टक्के भाग, म्हणजे पावणेचार मीटर तरी, मोकळा हवा. आमची रेषा शेंड्यांना घासून जात होती.

दुसऱ्या दिवशी जुना जीआय पाईप काढून त्याहून चार मीटर उंच पाईप उभा केला, दुसऱ्या टोकालाही तेवढाच. तीन तारांनी ताण दिला, नाहीतर वाऱ्यात अँटेना डोलते आणि आकडा नाचतो. सिग्नल उणे ७० वर आला. हिशोबाच्या उणे ६५ पासून पाच डीबी लांब. तेवढ्यावर मी समाधान मानलं.

मग, आणि मगच, रुंदीचा विचार. २० मेगाहर्ट्झला आता गुणोत्तर २५ डीबी आणि क्षमता १६६ मेगाबिट. पण एवढ्या गुणोत्तरावर उपकरणाला फार तर ६५ ची पायरी धरता येते, म्हणजे कामाचे चाळीसच्या आत, आणि तेही नाजूक पायरीवर उभं राहून. ४० मेगाहर्ट्झला गुणोत्तर २२ डीबी, क्षमता २९२. तिथं ८१ मेगाबिटची मधली पायरी आहे. तिला पंधराच्या आसपास डीबी लागतात, आणि हातात बावीस आहेत. सात डीबी शिल्लक, कामाचे पंचेचाळीस-पन्नास मेगाबिट. आधी ज्या रुंदीकरणानं घात केला, तेच आता उपयोगी पडलं, कारण गुणोत्तर ते सोसण्याइतकं वर आलं होतं.

उपकरणाला ८१ च्या वर चढू नको असं सेटिंगमध्ये बांधून ठेवलं. मोकळं सोडलं तर ते १३५ ची पायरी गाठायला धडपडतं, घसरतं, परत चढतं, आणि प्रत्येक घसरणीला चित्र गोठतं.

तपासा: आठही कॅमेरे चालू ठेवून अर्धा तास पिंग लावा. वेळ एका ठिकाणी स्थिर हवी. सरासरी बघू नका, सर्वांत मोठा आकडा बघा. बागेत तो अकरा मिलिसेकंदांच्या वर गेला नाही. सुरूची झाडं वाढतच राहणार, म्हणून उणे ७० हा आकडा आणि तारीख पॅकहाऊसच्या मीटरपेटीच्या दाराला आतून मार्करनं लिहून ठेवली आहे. तिथं उणे ७५ दिसला की शेंडे छाटायचे, किंवा पाईप आणखी वर घ्यायचा.